सहावीच्या पालकांना पत्र: व्याकरण वाचून-बोलून का शिकवतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रिय पालकहो,

सहावीच्या मराठीच्या वहीत नियमांची पानं थोडी आणि वाक्यांची पानं भरपूर दिसतात. ती वही पाहून पालकसभेत जे प्रश्न येतात, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. बरीच उदाहरणं भूतकाळी क्रियापदाची आहेत. मुलं तिथे अडखळतात, आणि नियम पाठ केल्याने काय मिळतं, काय निसटतं, हेही तिथेच नीट दिसतं.

व्याकरण शिकवणं बंद केलं आहे का?

नाही. क्रम बदलला आहे. पूर्वी फळ्यावर आधी व्याख्या यायची, मग दोन उदाहरणं आणि मग ‘प्रयोग ओळखा’. आता मुलं आधी उतारा वाचतात, त्यातली वाक्यं बदलून बोलतात, काय बदललं ते सांगतात, आणि त्यानंतर त्या गोष्टीला नाव मिळतं. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं सगळ्यांनी शिकायचीच आहेत. फक्त ती चौथ्या तासाला येतात.

म्हणजे वर्गात नेमकं काय होतं? एक उदाहरण द्याल?

कर्मणी प्रयोगाचंच घेऊ. पहिल्या तासाला असा एखादा छोटा उतारा फळ्यावर असतो:

*आजीने चूल पेटवली. तिने भाकरी थापली, पिठलं केलं आणि कांदा फोडला. आजोबांनी मला हाक मारली. मी ताट मांडलं, वाट्या घेतल्या.*

उतारा दोनदा मोठ्याने वाचला जातो. पहिल्यांदा एक जण वाचतो, दुसऱ्यांदा सगळे, आणि त्या वेळी क्रियापदाचा शेवट जरा ठासून म्हणायचा. मग एकच प्रश्न: ही सगळी कामं आजीनेच केली, तरी पेटवली, केलं, फोडला असे वेगवेगळे शेवट का? पहिली काही उत्तरं हमखास चुकतात. ‘कामं वेगळी आहेत म्हणून’ हे त्यातलं नेहमीचं. ते खोडायचं नाही, पुढे जायचं.

दुसऱ्या तासाला आजीच्या जागी आजोबा बसवायचे आणि उतारा तोंडाने म्हणायचा. ‘आजोबांनी चूल पेटवली, भाकरी थापली, पिठलं केलं, कांदा फोडला.’ एकही क्रियापद हललं नाही. मग आजोबांच्या जागी ‘मुलांनी’. तरीही नाही. आता कर्त्याला हात न लावता वस्तू बदलायच्या: चुलीऐवजी दिवा, भाकरीऐवजी पापड, कांद्याऐवजी नारळ आणि मग नारळाऐवजी सुपारी. लगेच ‘दिवा पेटवला’, ‘सुपारी फोडली’ असं आपोआप तोंडात येतं. कर्ता बदलला तर क्रियापद ढिम्म, वस्तू बदलली की मात्र ते वळतं, हे मुलांनी स्वतः ऐकलेलं असतं.

तिसऱ्या तासाला तोच उतारा वर्तमानकाळात म्हणायचा. ‘आजी चूल पेटवते. आजोबा चूल पेटवतात.’ आता क्रियापद करणाऱ्याच्या मागे गेलं. मुलं इथे थबकतात, आणि थबकायलाच हवीत. वहीत डावीकडे वर्तमानकाळाची पाच वाक्यं, उजवीकडे भूतकाळाची पाच, आणि प्रत्येक क्रियापदापासून ते ज्याच्यामागे जातं त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण. डावीकडचे बाण कर्त्याकडे जातात, उजवीकडचे कर्माकडे. नियम मुलांनी शब्दांत मांडायचा, तो या पानावरून.

चौथ्या तासाला नावं येतात: बाण कर्त्याकडे तर कर्तरी, कर्माकडे तर कर्मणी. त्याच तासाला दोन आडमुठी वाक्यं मुद्दाम दिली जातात. ती पुढच्या प्रश्नात.

हाच नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकला तर तीन तास वाचणार नाहीत का?

वाचतील, आणि नंतर वर्षभर ते भरून काढावे लागतील. मुलं नियम ऐकतात तेव्हा त्याची छोटी आवृत्ती लक्षात ठेवतात. इथली छोटी आवृत्ती ठरलेली: ‘ने दिसलं की कर्मणी.’ ती दोन्ही बाजूंनी फसते.

‘मी आंबा खाल्ला’ यात ने कुठेच नाही, तरी प्रयोग कर्मणी. ‘मी’ आणि ‘तू’ यांना तृतीयेचा प्रत्यय दिसत नाही एवढंच. आंब्याऐवजी चिंच ठेवा, ‘मी चिंच खाल्ली’ होतं, म्हणजे बाण कर्माकडेच. उलट ‘शिपायाने चोरांना पकडलं’ यात ने आहे, सकर्मक क्रियापद आहे, भूतकाळ आहे, तरी प्रयोग कर्मणी नाही. चोर एक असो की दहा, चोर असो की चोरटी बाई, ‘पकडलं’ तसंच राहतं. कर्माला ला किंवा ना लागला की क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबून राहतं. हा भावे प्रयोग. वस्तू बदलून बघण्याची सवय असलेलं मूल हे दहा सेकंदांत तपासतं. ‘ने’ शोधणारं मूल ठामपणे चुकीचं उत्तर लिहितं.

दुसरा आडमुठा गट शिकणे, विसरणे, बोलणे अशा क्रियापदांचा. ‘दादा छत्री विसरला’, ‘मुली गाणं शिकल्या’. विसरण्याला छत्री हे कर्म आहे, काळ भूत आहे, तरी कर्त्याला ने लागत नाही आणि क्रियापद दादामागे जातं. सकर्मक अधिक भूतकाळ म्हणजे ने, असं सूत्र पाठ केलेली मुलं ‘दादाने छत्री विसरली’ असं लिहितात. गंमत अशी की तीच मुलं डबा घरी राहिला तर मधल्या सुट्टीत ‘मी डबा विसरलो’ असं बरोबर बोलतात. सूत्राने त्यांच्या कानावर मात केलेली असते. अशी क्रियापदं थोडी आहेत. त्यांची यादी करता येते आणि आम्ही करतोही, पण ‘हे कानाला कसं लागतंय?’ हा प्रश्न यादीआधी येतो.

आणि ‘तू’चं क्रियापद बघा. ‘तू पंखा लावलास, खिडकी लावलीस, दार लावलंस.’ मधला ला, ली, लं कर्माप्रमाणे आणि शेवटचा स तू-साठी: एकाच क्रियापदात दोघांची हजेरी. हे तक्त्यात मांडलं तर सहावीतल्या मुलाला डोंगर वाटेल. घरी मराठी बोलणारं मूल ते पहिलीत यायच्या आधीच बोलत असतं. जे येतंच आहे ते आधी त्याला दाखवायचं आणि मग त्याला नाव द्यायचं, हे सोपं पडतं.

लिंगाचे नियम तरी पाठ करून घ्यायला हवेत ना?

नियम आहेत, पण अर्ध्या रस्त्यातच साथ सोडतात. आकारान्त बहुधा पुल्लिंगी (घोडा, आंबा), ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी (काठी, वही). पण शाळा, भाषा, सभा आकारान्त असून स्त्रीलिंगी. पाणी, लोणी, दही नपुंसकलिंगी. मोती, हत्ती, पक्षी पुल्लिंगी. अकारान्त शब्दांना तर शेवटावरून काहीच कळत नाही: दगड तो, भिंत ती, दार ते.

म्हणून आम्ही नाम एकटं शिकवत नाही, विशेषणासकट शिकवतो. मात्र विशेषण निवडताना काळजी घ्यावी लागते. ‘गार पाणी’, ‘लाल भिंत’, ‘सुंदर दार’ यातून लिंग कळतच नाही, कारण गार, लाल, सुंदर बदलत नाहीत. मोठा, नवा, जुना, चांगला अशी बदलणारी विशेषणं हवीत: ‘मोठा दगड, जुनी भिंत, नवं दार, चांगलं दही’. घरी शब्द सांगतानाही असंच सांगा. ‘भिंत म्हणजे वॉल’ एवढ्याने अर्थ कळतो, पण मूल ती भिंत ‘जुना’ म्हणणार की ‘जुनी’ हे नशिबावर राहतं.

आमच्या घरी बरंच हिंदी आणि इंग्रजी बोललं जातं. कानच तयार नसेल तर ही पद्धत चालेल का?

चालते, पण वेगळ्या वेगाने, आणि अशा मुलांना नियमांचा आधार थोडा जास्त लागतो. ज्या मुलाच्या कानावर एखादी रचना शेकडो वेळा पडली आहे, त्याला ‘कसं लागतंय?’ विचारता येतं. जिच्या कानावर ती पडलीच नाही, तिला तेच विचारणं अन्याय आहे.

अशा मुलांच्या चुकांची ठेवण ठरलेली असते, त्यामुळे त्या ओळखता येतात. ‘मोठी आवाज आली’ हे हिंदीतून आलेलं. तिथे आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. ‘माझी मदत कर’ हेही तसंच, मराठीत ‘मला मदत कर’. इंग्रजीची सवय असलेली मुलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत गल्लत करतात, कारण तिथे दोन्हींना एकच शब्द. ‘बाई, आपण सहलीला गेलो होतो’ असं मूल म्हणालं आणि बाई सोबत गेल्याच नसतील, तर तिथे ‘आम्ही’ हवं. ऐकणारा धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. इतका नेटका नियम सांगायला एक मिनिट पुरतं, आणि तो आम्ही सरळ सांगून टाकतो. त्यासाठी उतारे शोधत बसण्यात अर्थ नाही.

सामान्यरूपाचं तसं नाही. ‘पाऊसात’, ‘देऊळात’, ‘पैस्याने’ असं म्हणणाऱ्या मुलाला ‘पावसात’, ‘देवळात’, ‘पैशाने’ पुन्हा पुन्हा ऐकावं आणि वाचावं लागतं. सा-चा शा होतो (मासा–माशाला, ससा–सशाला, घसा–घशात) हे सांगून थोडी मदत होते, पण बोलताना नियम आठवायला वेळ नसतो. या मुलांना आठवड्याला एकाच प्रकारचे सहा-सात शब्द देतो, प्रत्येक शब्द तीन वाक्यांत, आणि ती वाक्यं जोडीदाराला मोठ्याने म्हणून दाखवायची.

आमची बोली वेगळी आहे. घरी बोललेलं व्याकरण चुकीचं ठरणार का?

नाही. ‘काय करून राहिला?’ असं विदर्भातल्या घरात म्हणतात तेव्हा त्यात व्याकरण असतंच. ‘राहिला’चं ‘राहिली’, ‘राहिले’ कधी होतं ते त्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. वर्गात अशा वेळी दोन रकाने करतो: घरचं वाक्य आणि पुस्तकातलं वाक्य. ‘करून राहिला’ समोर ‘करत आहे’. ‘न्हाई’ समोर ‘नाही’, ‘पानी’ समोर ‘पाणी’. कुठला रकाना कुठे वापरायचा हे मुलांना फार लवकर कळतं. मोठ्यांनाच वेळ लागतो. घरचा रकाना खोडला, तर मूल बोलायचंच थांबतं, आणि मग त्याला काय येतं आणि काय नाही हे कळायला आमच्याकडे मार्ग उरत नाही.

मग शुद्धलेखन? तेही ऐकून-बोलून येणार का?

इथे मात्र सरळ सांगायला हवं: पूर्ण येणार नाही. जे बोलण्यात आहे तेच कान शिकवू शकतो. ऱ्हस्व-दीर्घाचा अर्धा भाग बोलण्यात आहे, अर्धा फक्त लिहिण्यात.

आधी बोलण्यातला अर्धा. ‘फूल’ म्हणा आणि मग ‘फुलाला’ म्हणा. पहिल्यातला ऊ लांबतो, दुसऱ्यातला आखडतो. मूल–मुलाला, वीट–विटेवर, बहीण–बहिणीला, जमीन–जमिनीवर, सगळीकडे तेच. नियम सांगतो की मराठी अकारान्त शब्दांत शेवटून दुसरं अक्षर इकार-उकाराचं असेल तर ते दीर्घ, आणि सामान्यरूपात ऱ्हस्व. तो आपल्या उच्चारावरूनच आलेला आहे. त्यामुळे ‘बहिण’ लिहिणाऱ्या मुलाला आम्ही आधी ‘बहीण, बहिणीला’ तीन वेळा सावकाश म्हणायला लावतो. बहुतेक जण स्वतःच वेलांटी बदलतात.

आता उरलेला अर्धा. गुण, विष, गणित, मंदिर, तरुण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, तत्सम. आपण ‘गूण’, ‘गणीत’ असेच उच्चारतो, पण लिहायचं मुळाप्रमाणे, ऱ्हस्व. याच्या उलट शरीर: तेही तत्सम, म्हणून सामान्यरूपातही दीर्घच, ‘शरीराला’. इथे कानावर विश्वास ठेवला की चूक झालीच. ‘ला लावून बघ’ ही युक्तीही चालत नाही, कारण कोणता शब्द तत्सम आहे हे उच्चारावरून कळत नाही. म्हणून नेहमी लागणाऱ्या ४० तत्सम शब्दांची यादी वर्गाच्या भिंतीवर आहे, आणि ती पाठ करून घेतो. रोज ५ शब्द, दर शनिवारी श्रुतलेखन.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकारही नियमानेच. कवी, रवी, गुरू असे शब्द स्वतंत्र असताना दीर्घ. समासात पहिले आले की ऱ्हस्व: कविसंमेलन, रविवार, गुरुपौर्णिमा. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच. हे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. राज्य शासनाने १९६२ साली त्यातले १४ मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. जुन्या छापील पुस्तकात ‘कवि’ किंवा जास्तीचे अनुस्वार दिसले तर ती त्या काळची पद्धत असते. मुलाने ते बोटाने दाखवलं तर शाबासकी द्या, वाचताना त्याची नजर अक्षरावर आहे.

मुलीने निबंधात ‘केलं’ लिहिलं. बाईंनी खाली रेघ मारली. पण या पत्रात तर तुम्हीच ‘केलं’ लिहिता!

पकडलंत बरोबर. ‘केले, गेले, आपले’ हे लेखी भाषेचं रूप. ‘केलं, गेलं, आपलं’ हे बोलण्याचं. संवाद, घरगुती पत्र, गप्पांच्या सुरातला मजकूर यांत दुसरं चालतं, आणि हे पत्र त्यातलंच. परीक्षेतल्या निबंधात, अर्जात, बातमीत पहिलं वापरायचं. रेघ मारली ती बहुधा एकाच परिच्छेदात ‘केले’ आणि ‘गेलं’ दोन्ही आले म्हणून. एक सूर धरला की शेवटपर्यंत तोच ठेवायचा.

मूल बोलताना चुकलं तर लगेच सुधारायचं की सोडून द्यायचं?

दोन्ही नाही. बरोबर रूप तुमच्या उत्तरात येऊ द्या.

समजा मुलगा म्हणाला, ‘आई, खाली मोठी आवाज आली.’ यावर ‘आली नाही, आला म्हण’ असं म्हटलं की खाली काय झालं ते राहतं बाजूला आणि पुढच्या वेळी तो गप्प बसतो. त्याऐवजी ‘मोठा आवाज आला? कसला आवाज होता तो?’ असं विचारा. एका श्वासात त्याच्या कानावर बरोबर रूप दोन-तीनदा पडलं आणि गप्पाही पुढे गेल्या.

याला मर्यादा आहे. काही मुलांच्या ते लक्षातच येत नाही. तुम्ही नुसती प्रतिक्रिया दिली असं त्यांना वाटतं. आठवडाभर असं करूनही फरक पडला नाही, तर निवांत वेळी सरळ विचारा: ‘आवाज आला की आवाज आली?’ मुलाला थांबून निवड करावी लागली की तो शब्द डोक्यात बसतो. मात्र आठवड्याला एकच रूप निवडा. लिंग, सामान्यरूप, ऱ्हस्व-दीर्घ असं सगळं एकदम धरलं की जेवणाच्या ताटावर परीक्षा सुरू होते आणि कुणाचंच जेवण होत नाही.

वाचन चालू असताना तर अजिबात थांबवू नका. परिच्छेद पुरा होऊ दे, मग एखाद्या ठिकाणी बोट ठेवा.

माझा मुलगा भरपूर वाचतो, तरी लिहिताना चुका करतो. मग वाचनाचा उपयोग काय?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नुसतं वाचन पुरत नाही ते खरंच. वेगाने वाचणारी मुलं गोष्टीच्या मागे धावतात. शब्दाचं डोकं वाचतात आणि शेपूट गिळतात. ‘मुलांनी’ आणि ‘मुलाने’ यांत त्यांना फरक पडत नाही, कारण गोष्ट दोन्हींतून कळते.

हे ओळखायचं असेल तर त्याला अर्धं पान मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त शब्दांचे शेवट ऐका. मुलांनी–मुलाने, झाडांवर–झाडावर, गेल्या–गेली. पाचपेक्षा जास्त शेवट बदलले तर वाचन डोळ्यांवरून घसरतंय असं समजा. उपाय म्हणजे वाचन कमी करून सावकाश करणं. रोज ८ ते १० ओळी मोठ्याने, आणि त्यातलं एक वाक्य पुस्तक मिटून वहीत लिहायचं. मग पुस्तक उघडून अक्षरन् अक्षर ताडून पाहायचं. सात मिनिटांचं काम आहे. वहीत जिथे चूक सापडते, तोच त्याचा पुढच्या आठवड्याचा धडा.

पुस्तक कोणतं? पाठ्यपुस्तकातला धडा चालतो, वर्तमानपत्रातली छोटी बातमी चालते. उपशीर्षकं किंवा मोबाइलवरचे संदेश नकोत. तिथे विरामचिन्हं आणि वेलांट्या भरवशाच्या नसतात.

परीक्षेत तर ‘प्रयोग ओळखा’, ‘समास ओळखा’ असंच येतं. मूल मागे पडणार नाही ना?

त्या प्रश्नांची तयारी प्रत्येक घटकाच्या शेवटी होते, नावांसकट. पण गुण कुठे आहेत तेही पाहा. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत भाषाभ्यासाला १६ गुण असतात आणि उपयोजित लेखनाला २४. त्याशिवाय गद्य-पद्याची उत्तरंही वाक्यांतच लिहायची. ‘दादाने छत्री विसरली’ असं लिहिणाऱ्या मुलाने सगळे प्रयोग बरोबर ओळखले तरी लेखनात तो गुण सांडत राहतो.

आमचं मूल कुठे आहे हे घरी तपासता येईल का?

येईल. ही सहा वाक्यं तोंडी विचारा. कागद नको आणि ‘परीक्षा’ हा शब्दही नको. मूल तीन सेकंदांत, विचार न करता काय म्हणतं तेच धरायचं.

१. दादाने दूध … (सांडणे)
२. दादा छत्री … (विसरणे)
३. आईने मुलीला … (उचलणे)
४. तू खिडकी … (लावणे)
५. … भिजू नकोस. (पाऊस)
६. बाहेरून मोठ… आवाज … (येणे)

उत्तरं: सांडलं, विसरला, उचललं, लावलीस, पावसात, मोठा आवाज आला.

पहिलं चुकलं तर भूतकाळात कर्माकडे लक्ष जात नाही. उताऱ्याचा दुसऱ्या तासाचा खेळ घरी खेळा, वस्तू बदलून. दुसऱ्याला ‘दादाने’ अशी दुरुस्ती केली आणि ‘विसरली’ म्हटलं, तर सूत्र पाठ झालंय आणि कान मागे पडलाय. तिसऱ्याला ‘उचलली’ आलं तर ला-ना लागलेल्या कर्माची वाक्यं कमी ऐकली आहेत. चौथ्यातला स गळला तर सहसा काळजी नको, काही घरांत तो बोलण्यात गळतोच. लिहिताना राहतो की नाही तेवढं बघा. पाचवं आणि सहावं दोन्ही चुकली तर कानावर मराठी कमी पडतंय, आणि अशा मुलांसाठी शब्दांचा वेगळा गट वर्गात आहे. वहीच्या शेवटच्या पानावर चुकलेल्या वाक्यांचे क्रमांक लिहून पाठवा, पुढच्या आठवड्यापासून त्याला त्या गटात घेतो.

कळावे,
मराठीच्या वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी